अंगठा माहाच आहे

भागीरथाबाईचं सोमवारचं मौन दिवा लागेपर्यंतचं. आणि नेमकं याच सोमवारी नवरा, डोमाजी, आर्णीच्या मोबाइल दुकानात तिच्या शेजारी बसून बँकेच्या ॲपशी भांडत होता.

जुना फोन फवारणीच्या पाण्यात बुडाला, म्हणून नवा घेतला. दुकानदार रवीनं सिम घातलं, ॲप उतरवलं, सिमवरून मेसेज जाऊन नंबरही पटला. आता ॲप पिन मागत होतं. लेकीच्या, निकिताच्या, पुसदच्या होस्टेलची फी आज संध्याकाळपर्यंत भरायची होती, नाहीतर खोली दुसरीला जाणार होती.

"पिन कायले? अंगठा लाव म्हणा!" डोमाजीनं काचेवर अंगठा दाबला. "राशनच्या मशीनवर लावतो तं नाव येते. फोन बदलला, अंगठा तं माहाच आहे!"

"काका, थो अंगठा जुन्या फोनमंधी होता," रवी म्हणाला. "बँकेपाशी नाही. पहिले पिन टाका, मंग अंगठा चालू होईन."

पिन तर भागीरथाबाईनं ठेवला होता. डोमाजीला कधी लागलाच नाही. तिनं हात पुढे केला.

"थांब, होते माह्यानं." त्यानं निकिताच्या जन्माचं साल टाकलं. चूक. मग लग्नाचं. चूक.

"आता एकदा चुकला तं आजच्या दिवसाले बंद, काका," रवी म्हणाला.

भागीरथाबाईच्या ओठांपर्यंत शब्द आला होता. तो तिनं गिळला. महादेवा, मौन सोपं आहे, पण या माणसासमोर नाही! डोमाजीचं बोट पुन्हा पडद्याकडे गेलं, तसा तिनं फोन हिसकावला.

"अवं, काय करून राह्यली तू?"

तिनं पाठ फिरवली, पिन टाकला. ॲप उघडलं. पैसे पाठवायचा वेगळा पिनही तिनंच टाकला. फी गेली, पावती आली. तिनं ती निकिताला पाठवली.

"आता माहा अंगठा बसव," डोमाजी म्हणाला. रवीनं आधी फोनच्या सेटिंगमध्ये अंगठा घेऊन पाहिला. हंगामाच्या कामानं आता जास्तच भेगाळलेला, घासलेला. पुसला, पुन्हा लावला. फोन घेईना.

"काकू, तुमचा पाहू."

दोन-चारदा टेकवताच बसला. मग पिन टाकून ॲपमध्येही तो चालू केला.

"काका, आता बँक काकूपाशी," रवी हसला.

डोमाजी घरापर्यंत फणफणत आला. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागला, तसा तो हजर झाला. "आता तं बोलता येते ना? सांग पिन."

भागीरथाबाईनं हात जोडले, डोळे मिटले, उघडले.

"सांगीन," ती हळूच म्हणाली. "पण पहिले पोरीले फोन लावा. खोली भेटली का नाही, थे तं इचारा."