कोऱ्या लोखंडावरचे एकतीस मायक्रॉन

पिराजीला कामावरून काढायचं पत्र सकाळी साडेनवालाच टाइप होऊन तयार होतं, आणि त्याच्याखाली मोजणीची साक्ष म्हणून सही करायची होती शिवांजलीनं.

"कर की सही. मुहूर्त बघायचा हाय काय?" भूपाल अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे शिरोली एमआयडीसीतल्या या रंगशेडचे मालक. माणूस वाईट नाही. पण एकदा डोक्यात काही बसलं की बसलं, मग ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही. शिवांजली त्यांच्याकडं सहा वर्षं मोजमापाला होती. कोडोलीहून रोज स्कूटीवरून यायची, वाळलेल्या रंगाची जाडी मीटरनं मोजायची, रिपोर्ट भरायची आणि खाली सही ठोकायची. आणि पिराजी रंगारी. अठरा वर्षं फवारणीची गन हातात धरलेला, बोलणं कमी आणि काम चोख असा माणूस. तो दाराशी उभा होता, तोंडावरचा मास्क गळ्यात लोंबत होता, आणि तो पायांकडं बघत होता.

झालं होतं असं. बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत पाणी अडवायला लोखंडी फळ्या बसवतात, त्यांना बर्गे म्हणतात. गेल्या ऑक्टोबरात इथनं रंगवून गेलेले नव्वद बर्गे मे महिन्यात काढले, तर त्यांच्यावर मोहरीएवढे गंजाचे ठिपके! सहा-सात महिन्यांत! पाटबंधारे खात्याच्या इंजिनियर साहेबांनी फोटो पाठवले, चार बर्गे परत पाठवले आणि खुलासा मागितला. ठरलेली जाडी होती कमीत कमी दोनशे चाळीस मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटरला जरा कमी. रिपोर्टात सगळीकडं अडीचशेच्या वर. मग अण्णांनी हिशेब मांडला, की जाडी भरलीय तरी गंज आलाय, म्हणजे रंगातच भेसळ. पिराजीनं बेसुमार थिनर ओतलं आणि वाचलेला रंग बाहेर विकला.

"तुमी बघितलं काय विकताना?" शिवांजलीनं विचारलं.

"बघायला कशाला पायजे? मीटर खोटं बोलतोय काय?"

आता हे वाक्य तिला झोंबलं. मीटर तिचा होता. पिराजी चोर असेल हे तिच्या मनाला काही केल्या पटत नव्हतं, आणि आपला मीटर चुकेल हेही पटत नव्हतं. दोन्हीतलं एक तर सोडायला पाहिजे होतं.

"एक तास द्या मला. तासाभरानं सही करीन न्हायतर पत्र फाडीन," ती म्हणाली.

"फाडशील? अगं ए—"

पण ती मीटरची पेटी उचलून शेडमध्ये गेलीसुद्धा.

त्या पेटीत एक गुळगुळीत लोखंडी चकती असायची, आरशासारखी घासलेली. रोज सकाळी मीटर त्या चकतीवर टेकवायचा आणि शून्य लावायचं. मग प्लॅस्टिकची पातळ फॉइल त्याच चकतीवर ठेवायची. फॉइलची जाडी प्रयोगशाळेनं मोजून दाखल्यासकट दिलेली, दोनशे अठ्ठेचाळीस मायक्रॉन. मीटरनं तेवढं दाखवलं की मीटर बरोबर. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. अण्णांचा दंडकच होता, की फॉइल चकतीवरच ठेवायची, दुसरीकडं कुठं नाही. खरखरीत लोखंडावर ठेवली की तिला टोचे पडतात, मग ती वाया जाते, आणि दाखल्याची फॉइल काय झाडाला लागत नाही. सगळे मुकाट ऐकायचे. शिवांजलीही ऐकायची.

तिनं आधी चकतीवर शून्य लावलं. फॉइल ठेवली. दोनशे एकोणपन्नास. झकास. मग परत आलेल्या बर्ग्यावर दहा ठिकाणी मोजलं. सरासरी दोनशे बावन्न. रिपोर्टातलीच जाडी! म्हणजे अण्णाच बरोबर, भेसळच झाली असणार. सही करावी आणि मोकळं व्हावं, असं क्षणभर तिला वाटलं, आणि असं वाटल्याचीच तिला लाज वाटली.

बाजूला नव्या ऑर्डरचे बर्गे उभे होते. त्याच जाडीचं लोखंड, सकाळीच ग्रिटचा, म्हणजे टोकदार लोखंडी कणांचा, मारा करून गंज उडवलेलं, राखाडी आणि हाताला सँडपेपरासारखं खरखरीत. रंगाचा थेंब नाही. ती चिडली होती, म्हणून असेल, पण तिनं मीटर त्या कोऱ्या लोखंडावर दाबला. असं आजवर कुणी केलंच नव्हतं. रंग नाही तिथं रंग मोजायला कोण जातंय?

मीटर म्हणाला, चोवीस.

तिनं दुसरीकडं दाबला. एकोणचाळीस. मग तेहेतीस, अठरा, पस्तीस, एकेचाळीस. दहा ठिकाणी दाबून तिनं सरासरी काढली. एकतीस.

"आयला!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की कंप्रेसरजवळ चहा पिणारी माणसं उठून उभी राहिली. "अण्णा! भाईर या! पिराजीमामा, तुमीबी या!"

अण्णा तणतणत आले. तिनं त्यांच्यासमोर पुन्हा मीटर दाबला.

"हे बघा. कोरं लोखंड. सांगा, हा एकतीस मायक्रॉनचा रंग कुणी मारला? पिराजीमामानं सपनात येऊन मारला?"

"मीटर बिघडला असंल."

"मीटर ठणठणीत हाय. बिघडलंय आपलं डोस्कं." तिनं फॉइल काढली.

"ए, ए! खरखरीतावर न्हाय! टोचं पडतील!"

"पडू देत!" आणि तिनं अण्णांच्या डोळ्यांदेखत फॉइल त्या कोऱ्या, खरखरीत लोखंडावर दाबून धरली. दहा वेळा मोजलं. दोनशे अठ्ठेचाळीसची फॉइल, आणि मीटर दाखवतो दोनशे ऐंशी.

अण्णांनी फॉइल उचलून उजेडाला धरली. तिच्यावर खरंच बारीक टोचे पडले होते.

"मीटरला रंग दिसत न्हाय, अण्णा," ती आता सावकाश बोलू लागली, पण आवाज खाली आला नव्हता. "ह्याच्या टोकाला चुंबकाचा खेळ हाय. लोखंड किती लांब हाय एवढंच त्याला कळतंय. हितं उंचवटं हायत, खड्डं हायत. त्याला लोखंड उंचवट्याच्या टोकावर लागत न्हाय, जरा खाली लागतंय. ते खालचं अंतर तो रंगातच धरतोय. आन गंज कुठं येतो? उंचवट्याच्या टोकावर, जिथं रंग सगळ्यात पातळ. आपण गुळगुळीतावर शून्य लावलं आन खरखरीतावर मोजत बसलो."

मग तिनं करायला पाहिजे होतं तसं केलं. मीटरचं शून्य त्या कोऱ्या खरखरीत लोखंडावरच लावलं, एका ठिकाणी नाही तर दहा ठिकाणी टेकवून, सरासरीवर. पेटीतली दुसरी, अजून न वापरलेली फॉइल त्याच पृष्ठभागावर ठेवली, परत दहा वेळा मोजलं आणि मीटर फॉइलच्या दाखल्यावरच्या आकड्याला आणून बसवला. खात्रीसाठी एकशे चोवीसची पातळ फॉइल ठेवली. सरासरी एकशे सव्वीस आली. आता मीटर जागेवर होता.

तोच मीटर घेऊन ती परत आलेल्या बर्ग्याकडं गेली. दहा ठिकाणी मोजलं. सरासरी दोनशे एकवीस.

दोनशे चाळीस पाहिजे होते.

आणि मग अण्णांचा चेहरा खुलला. "म्हंजे रंग कमीच मारलाय की! भेसळ नसंल, पर कामचुकारपणा तर हाय! मी काय वेगळं म्हनत होतो? चार डबं रंग वाचीवला आन माझं नाव घालवलं. पत्र आन ते."

शिवांजली पिराजीला सोडवायला निघाली होती आणि तिनंच त्याचा फास आवळला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. पिराजीनं मान वर केली नाही. तो एक शब्द बोलला असता तर सुटला असता, पण तो बोलेना, आणि का बोलत नाही हे त्या शेडमध्ये फक्त तिलाच ठाऊक होतं.

तिनं कपाटातनं गेल्या वर्षीची रोजची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही.

"वाचा," तिनं वही अण्णांच्या हातात दिली. "न्हायतर मीच वाचते. 'पिराजी रंगाची आणखी एक फेरी मागतो. म्हणतो हाताला पातळ लागतंय. मीटर दोनशे पन्नास दाखवतो. फेरी नको. शिवांजली.' ही चौदा सप्टेंबरची. सोळाला परत तेच. एकवीसला परत. तीन वेळा मागितली त्यानं. तिन्ही वेळा मी न्हाय म्हणलं. वर सुनावलं, की मामा, तुमच्या हाताला आकडं वाचता येत न्हाईत. चूक त्याची न्हाय, माझी हाय."

"ताई, जाऊ द्या," पिराजी पहिल्यांदाच बोलला. "माझं वय झालंय. तुमचं अजून सगळं हाय पुढं."

"गप बसा तुमी! वर्षभर गप बसला म्हणून हे झालं!" ती त्याच्यावरच खेकसली, आणि खेकसताना तिचे डोळे भरून आले ते तिनं लपवले नाहीत.

अण्णा खुर्चीत टेकले. वहीतली तिन्ही पानं वाचली. मग पत्र चुरगाळून टाकलं. धंदेवाला माणूस, त्यांचा आवाज मऊ झाला.

"बरं. पिराजी ऱ्हायला. सुटला विषय. हितनं पुढं तू म्हणतीस तसं शून्य लाव, पायजे तेवढ्या फॉइली फोड. पर मागचं मागं ऱ्हाऊ दे. ते चार बर्गे गुपचूप रंगवून देऊ. खात्याचं काम मिळाल्यापासनं वर्षभरात आणखी चार बंधाऱ्यांना माल गेलाय, कुणाची तक्रार न्हाय अजून. रिपोर्ट चुकलेत हे तू कुणाला बोलायचं न्हाय. समजलं?"

"आन साहेबांना खुलासा काय द्यायचा?"

"खराब रंगाचा डबा निघाला म्हणायचं. डब्याला काय तोंड हाय?"

पिराजी राहिला होता. तिला पाहिजे ते मिळालं होतं. पण चार बंधाऱ्यांवर तिच्या सहीचे बर्गे पाण्यात उभे राहणार होते, आणि प्रत्येकावर खरखरीतपणाचे एकतीस मायक्रॉन रंग म्हणून मोजलेले होते. ते गंजले की कुणीतरी पुन्हा एखाद्या रंगाऱ्याला दाराशी उभं करणार, आणि तो पिराजीच असणार.

ती संगणकापुढं बसली आणि इंजिनियर साहेबांना पत्र लिहिलं. खात्याला दिलेले वर्षभरातले सगळे रिपोर्ट चुकीच्या शून्यावर घेतलेले आहेत. प्रत्यक्ष जाडी सुमारे तीस मायक्रॉननं कमी धरावी आणि खरखरीत लोखंडावर शून्य लावून फेरमोजणी करावी. रंगाऱ्यानं वाढीव फेरी मागितली होती, ती मी नाकारली. वहीच्या तीन पानांचे फोटो जोडले आहेत. खाली पूर्ण नाव, शिवांजली गुरुसिद्ध पाटील.

अण्णा मागं येऊन उभे राहिले होते. "पाठवलंस तर उद्यापासनं हितं पाय ठेवायचा न्हाय."

तिनं बटण दाबलं. पत्र गेलं.

"उद्या येणार," ती उठत म्हणाली. "बरोब्बर नऊला येणार. चारी बंधाऱ्यांचं बर्गे परत येणार हायत, अण्णा. हाकला मला, पर मोजणार कोण, तेवढं सांगा."

शिवांजलीनं मीटर उचलला आणि ती पिराजीला घेऊन कोऱ्या बर्ग्यांकडं शून्य लावायला गेली.