एकतीस सेकंदांचे गोपाळशेठ

पेणच्या बाजारात काष्ठौषधीचं दुकान उघडून गोपाळशेठ हळकुंडाचं पोतं पुढे ओढत होते. खाडीकाठच्या खारपट्टीतली हौसा पायरीवर येऊन टेकली. मागे सून अनिता उभी होती, ओठ सुकलेले.

"शेठ, ती मोबाइलवाली पुडी द्या. पार्सलनं आलेला डबा संपत आला."

"कसली पुडी गो?"

"आता सोंग करू नका! तुमीच सांगताव ना, हिनं पोरगाच होतो म्हणून? हिला चवथा चालू हाय."

तिने मोबाइल पुढे धरला. एकतीस सेकंदांची जाहिरात.

सेकंद तिसरा

पांढरा कोट. मागे बरण्यांची फळी. आणि कोटावर गोपाळशेठांचं तोंड, मिशीसकट. "मी पेणचा गोपाळशेठ. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

आवाजही त्यांचाच. शेठांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली.

शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला जितेश डोकावला. "शेठ, एवढा धंदा आणि आम्हाला पत्ता नाय? किती घेतलंत?"

ह्यानंच केलं असेल का? महिन्यापूर्वी फोन ह्याच्याकडेच दिला होता. मग दुसरा संशय आला, पहिल्याहून वाईट. त्यांचा चित्रफितीतला चेहरा जगात एकाच ठिकाणी होता. रोह्याच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या सावनीने, त्यांच्या लेकीने, ओव्याचे गुण सांगायला लावून तो दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता.

सेकंद अकरावा

दुपारी सावनी आली. बापाची नजर तिला बोचली.

"माझ्यावर संशय घेताय बाबा? बरोबर आहे. मीच टाकला होता. पण हात बघा."

तिने चित्र थांबवलं. कोटातल्या माणसाची पाची बोटं धड होती. शेठांची उजवी तर्जनी मुळ्या कापताना अर्धी गेलेली.

"धड दुसऱ्याचं. तुमचा चेहरा त्याच्यावर बसवलाय. आता तो मान वळवतो, बघा."

कानापाशी कातडी क्षणभर थरथरली. हात तोंडावरून गेला तशी मिशी अर्धी विरघळली, परत आली.

"आणि आवाज?"

"दोन मिनिटांचं बोलणं पुरतं. त्यावरून यंत्र नवीन वाक्यं बोलतं. तुम्ही 'नाय' म्हणता, हा 'नाही' म्हणतो."

जाहिरात का दिसते, ते तिने उघडलं: पेणच्या आसपासच्या, वीस ते पस्तीस वयाच्या बायका. जाहिरात देणारं पान नऊ दिवसांपूर्वीचं. जाहिरातींच्या संग्रहात तोच कोट, तीच बोटं आणि दुसऱ्या गावांतल्या तिघा दुकानदारांची तोंडं.

तिने पानाचे पत्ते, पडद्याची चित्रं, तारीख-वेळ जपून ठेवली. सरकारच्या सायबर तक्रार संकेतस्थळावर नोंद केली, तोतयेगिरीची तक्रार जाहिरातवाल्यांकडेही. संध्याकाळी पान गेलं. तासाभरात दुसऱ्या नावाने तेच तोंड परत बोलू लागलं.

सेकंद एकोणिसावा

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः खारपट्टीत गेले. अनिता ओटीवर आडवी होती. चार दिवस उलट्या, चक्कर.

"हौसाबाई, तो मी नाय. डबा घे, हिला डॉक्टरकडे ने. मुलगा की मुलगी ते गर्भ राहतो तेव्हाच ठरतं. त्यानंतर कसल्याही पुडीनं बदलत नाय."

हौसा फणकारली. "आज कळलं व्हय? माझा निलेश, हिचा नवरा, पोटात होता, तवा पोरगा व्हावा म्हणून शिवलिंगीचं बी कोनी दिलं? तुमीच ना? तवा तोंड कुठं होतं?"



पंचवीस वर्षं बायका कुजबुजत मागायच्या. ते कागदात बांधून द्यायचे. कधी 'होईल' म्हटलं नाही. कधी 'होत नाही' असंही म्हटलं नाही. त्या चोरांनी तोंड त्यांचं उचललं होतं. अशा पुडीवरचा भरवसा मात्र आधीच इथे पडून होता.

"चूक माझी," ते म्हणाले. "पण हिला आता ने."

हौसा हलली नाही. अनिता भिंतीला धरून उठली, डबा पदरात घेतला. "मी जाते. कोनी येव, नाय येव."

सेकंद शून्य

डॉक्टरांनी पुडी बंद केली, डबा तपासणीला ठेवून घेतला, अनिताला दोन दिवस सलाईन लावलं. बाळाचे ठोके नीट होते. पुढचं आत्ताच सांगता येत नाही, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी अनिता दुकानात आली. सावनी नवी चित्रफीत काढायला शेठांसमोर मोबाइल धरून उभी होती.

"शेठ, काय बोलणार?"

"तो खोटा, मी खरा, हेच."

"मग मागची बरणी आधी काढा."

शेठांनी वळून पाहिलं. शिवलिंगी, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी बरणी उतरवली. फळीवर धुळीत गोल डाग राहिला.

मग ते मोबाइलसमोर बसले. तुटक्या बोटाचा हात सावकाश तोंडावरून फिरवला. मिशी विरघळली नाही.

"मी पेणचा गोपाळ. ती पुडी माझी नाय. पण पंचवीस वर्षं मी हे बी विकलं, ती चूक माझी. ह्यानंही पोरगा होत नाय."