ऐंशी किलोंचं कपाट

स्वयंपाकघरं बसवणं हा माझा धंदा, पण घरच्या गिऱ्हाइकासारखं डोक्याला ताप देणारं गिऱ्हाईक नाही.

अर्धांगवायूतून उठलेल्या ताईचा एकच हट्ट होता, आपला स्वयंपाक आपण करायचा. तिचा उजवा हात फारसा चालत नव्हता. म्हणून मी तिला उंच पुलआउट, म्हणजे ओढून बाहेर काढायचं कपाट, बसवून दिलं. डाव्या हातानं ओढलं की पाचही जाळ्या एकदम बाहेर. मिक्सर, किटली उचलावी लागू नये म्हणून ओट्यावर रोलर शटरचं कपाट केलं. भावजींना बजावलं होतं, "सगळं मिळून ऐंशी किलो, एका जाळीत सोळा. जड ते खाली."

"कळलं रे," म्हणाले होते.

काल त्यांचाच फोन आला. "तुझं कपाट उघडत नाही. ताई आता स्वयंपाकघरात फिरकतसुद्धा नाही."

आज जाऊन ओढलं, तर मलाही दोन्ही हात लावावे लागले. आत बघितलं आणि माझं टाळकंच सरकलं. सगळ्यात वरच्या जाळीत तेलाचा भरलेला डबा, त्याखाली तांदूळ, पीठ, साखर, सगळं वर्षभराचं. वजनानं सांगाडा कलला होता आणि त्याचं दार शेजारच्या दारावर घासत होतं. दोन दारांत फट असते ती तीन मिलिमीटरची! शटरचीही तीच गत. मागे बरण्या कोंबल्यामुळे मिक्सर पुढे आला होता, शटर त्याच्यावर आपटून पट्ट्या खाचेतून निसटल्या होत्या.

"भावजी, हे स्वयंपाकघर आहे की गोदाम?"

"अरे, तिला कोठीपर्यंत चालायला लागू नये म्हणून भरलं," ते ओशाळून म्हणाले.

मी डबे उतरवले, स्क्रू फिरवून दार सरळ केलं, पट्ट्या खाचेत बसवल्या. मग ताईला हाक मारली.

"नको रे. माझ्यानं नाही होत," ती दारातूनच म्हणाली.

"ओढून तर बघ."

तिनं दोन बोटं लावली. कपाट सरसर बाहेर आलं. तिनं ते लोटलं, पुन्हा ओढलं, पुन्हा लोटलं. मग भावजींकडे वळली.

"अहो, मला वाटलं डावा हातही गेला. म्हणून मी व्यायाम सोडला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं."

भावजी खाली बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

"त्यांना फोन लावा," ताई म्हणाली. "उद्यापासून या म्हणावं."

भावजींनी फोन काढला.

"तुम्ही नका बोलू. इकडे द्या," म्हणत तिनं हात पुढे केला. उजवा.