बाराशे चौतीस गेले कुठे?

डेअरीच्या सचिवांना माणसांपुढे बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. दूध मोजणं, त्यातलं फॅट तपासणं, कोणाच्या कॅनमध्ये पाणी शिरलंय ते नुसतं बघून ओळखणं हे सगळं त्यांच्या डाव्या हातचा मळ. पण सभेत उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

आणि नेमकं आता बोलायलाच लागणार होतं. सोमवारी गावाच्या ग्रुपवर डेअरीच्या ॲपचा एक स्क्रीनशॉट फिरला होता: ‘एकूण संकलन. काल १२३४ लिटर. आज ६१२ लिटर.’ खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘निम्मं दूध गेलं कुठे?’ झालं! कोणी म्हणे, निम्मे सभासद चोरून दुसरीकडे दूध घालतात. कोणी म्हणे, सचिवच पितात.

बुधवारी संध्याकाळचं संकलन आटोपलं आणि डेअरीच्याच शेडमध्ये सभा भरली. घरून निघताना बायको म्हणाली होती, “कागद वाचू नका. आपल्या म्हशीशी बोलता तसं बोला. ती ऐकते ना तुमचं?”

“ती मध्येच प्रश्न विचारत नाही,” सचिव म्हणाले होते आणि कागद खिशात घातला होता.

आधी चेअरमन उठले. स्क्रीनशॉट मोठा छापून त्यांनी भिंतीला लावला होता. तो छडीने दाखवत ते गरजले, “हे पाहा! संकलन निम्म्यावर! आणि वर कोपऱ्यात बघा, फॅट सत्तावन्न टक्के! म्हणजे मशीनही बिघडलंय!”

“सत्तावन्न?” मागून एका काकूंचा आवाज आला. “मग दूध कशाला घालता? सरळ पावाला लावा की!”

शेड हसून दणाणलं. “शांतता!” चेअरमन ओरडले. “हा फोटो पसरवून डेअरीची अब्रू कोणी घालवली, ते आज शोधणारच. बोला, सचिव!”

सचिव उठले. फोटो कोणाचा ते त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. सगळ्या डेअरीची बेरीज दिसणारं पान दोनच फोनवर उघडायचं, त्यांच्या आणि चेअरमनच्या. आणि त्यांच्या जुन्या फोनची बॅटरी वीस टक्क्यांच्या वर कधी चढतच नव्हती.

त्यांनी कागद काढला. त्यावर नजर टाकली आणि बायकोचं बोलणं आठवलं. शेवटी त्यांनी तो पुन्हा खिशात कोंबला.

“मंडळी, सत्तावन्न म्हणजे फॅट नाही. ती फोनची बॅटरी. फॅट खाली आहे, चार पूर्णांक सहा. गाईचं आणि म्हशीचं मिळून सरासरी.” कोणी हसलं नाही, म्हणून त्यांना जरा धीर आला. “आता दुसऱ्या कोपऱ्यात बघा. नऊ बेचाळीस. ही वेळ, सकाळची. तेव्हा फक्त सकाळचं संकलन झालेलं होतं. संध्याकाळचं दूध तुमच्या गोठ्यातच होतं, अजून काढायचं होतं. ‘काल’च्या आकड्यात मात्र दोन्ही वेळा आहेत. सोमवारी संध्याकाळी आणखी सहाशे अकरा आलं. बेरीज, बाराशे तेवीस.”

सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. मग काकू म्हणाल्या, “म्हणजे अर्ध्या दिवसाची पूर्ण दिवसाशी तुलना केली! कोणत्या शहाण्याने?”

“तेच विचारतोय मी!” चेअरमननी टेबलावर मूठ आपटली. “सचिव, नाव सांगा! भिऊ नका!”

“राहू द्या, साहेब.”

“राहू कसं द्या? मी मागे हटणार नाही!”

सचिव अगदी हळू म्हणाले, “साहेब, ते पान आपल्या दोघांच्याच फोनवर उघडतं.”

“बरं मग?”

“माझ्या फोनची बॅटरी वीसच्या वर कधी जातच नाही. आत्ताही नऊच टक्के आहे.”

चेअरमननी फोटोकडे पाहिलं. मग ते सावकाश खुर्चीत टेकले. “मी तर फक्त मेहुण्याला पाठवला होता,” ते पुटपुटले. “विचारायला, की हे काय आहे म्हणून.”

पुढच्या रांगेतला मेहुणा छताचे पत्रे मोजू लागला.

हसण्याचा भर ओसरल्यावर एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, “पण सकाळ ते सकाळ धरलं, तरी काही कमी आहे का हो?”

सचिवांची आता भीड चेपली होती. “आहे ना. रविवारी सकाळी सहाशे वीस, सोमवारी सहाशे बारा. आठ लिटर कमी.”

“कोणाचं?”

त्यांनी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमननी हात जोडले. “सांगून टाका बाबा. आता काय उरलंय?”

“साहेबांच्या दोन म्हशी आटल्या.”

या वेळी चेअरमनही पोट धरून हसले. डोळे पुसत त्यांनीच ठराव मांडला: यापुढे संध्याकाळचं संकलन संपल्यावरच आकडे ग्रुपवर जातील, आणि ते फक्त सचिव टाकतील. सगळ्यांनी हात वर केले, मेहुण्याने दोन्ही.

“आणि दर महिन्याला सचिवांचं असंच भाषण,” काकूंनी पुस्ती जोडली. तोही ठराव एकमताने मंजूर झाला. सचिवांना विरोध नोंदवायचा होता, पण त्यासाठी पुन्हा उभं राहून बोलावं लागलं असतं.