तीनचा भाजक

शेअर बाजार उघडायच्या तोंडावर निर्देशांक विभागातल्या ताईंनी पडद्याकडे पाहिलं. तीन कंपन्यांच्या किमतींचा निर्देशांक काल तीनशेवर बंद झाला होता. आज उघडण्यापूर्वीच्या भावांवर तो एकशे सदुसष्टच्या आसपास दिसत होता. हा आकडा बाहेर गेला, तर त्यावर चालणारी आपोआप व्यवहार करणारी यंत्रं धडाधड विक्री सुरू करणार होती.

"अण्णा, निर्देशांकाचं प्रसारण रोखा," त्या म्हणाल्या.

"आणि पडझड खरीच असली तर?" शेजारी बसणाऱ्या अण्णांनी विचारलं. "आपण ती लपवली असंच म्हणतील, ताई."

ताईंनी त्याच तीन कंपन्यांचा बाजारमूल्यावरचा, म्हणजे भाव गुणिले शेअरसंख्येवरचा, निर्देशांक उघडला. तो जागचा हलला नव्हता.

"एका कंपनीच्या सहाशेच्या शेअरचं विभाजन होऊन आज तीन शेअर झालेत," त्या म्हणाल्या. "भाव दोनशे, शेअर तिप्पट, म्हणजे कंपनीचं मूल्य तेवढंच. पण इथे आपण नुसत्या किमतींची बेरीज करून तिला भाजकाने भागतो. ती बेरीज नऊशेची पाचशे झाली, आणि भाजक राहिला तीनच."

"मग किती हवा?"

"पाचशे भागिले कालचे तीनशे. एक पूर्णांक दोन तृतीयांश."

अण्णांनी भाजक बदलला. पडद्यावर तीनशे उमटलं. प्रसारण सुरू झालं, बाजार उघडला, बाहेर कुणाला काही कळलंही नाही.

अण्णा हसले. ताईंना मात्र हसू येईना.

"भाजक आपोआप बदलतो, असंच आपण धरून चाललो होतो," त्या हळूच म्हणाल्या. "अजून काय काय धरून चाललोय, कुणास ठाऊक."