आखणारा हात

पेणमध्ये गणपतीचे कारखाने इतके आहेत की दगड मारला तर मूर्तीलाच लागावा. तरी दिनानाथांच्या कारखान्याचं नाव वेगळं घेतलं जायचं, ते डोळ्यांसाठी. मुंबईचे व्यापारी दारात उभे राहून म्हणायचे, बाकी रंग कुणाकडूनही द्या, आखणी मात्र दिनानाथांच्या हातची पाहिजे. आखणी म्हणजे डोळे काढणं. सगळं रंगकाम झालं की सर्वांत शेवटी होते, आणि ती चुकली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

मुलगा पुष्कर कॉलेजात असतानाच दिनानाथांचा हात थरथरायला लागला होता. पहिल्यांदा चहाची बशी वाजायला लागली, मग कुंचला. त्या वर्षापासून आखणी त्यांच्या बायकोने, श्यामलाबाईंनी केली. आतल्या खोलीत, दार लावून, बांगड्या काढून. ओल्या रंगाला काकणाचा काठ लागला तर डाग पडतो. व्यापारी आले की दिनानाथ कुंचला हातात घेऊन बाहेर येत आणि कपाळावरचा घाम पुसत. नवऱ्याचा मान म्हणून बाईंनी कुठे ब्र काढला नाही. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, बाजारात कुणाला नाही, आणि रोह्यात बाईंच्या वडिलांना तर नाहीच नाही.

या वडिलांबद्दल सांगायलाच हवं. मोरोपंत रोह्याच्या शाळेत चित्रकला शिकवत. श्यामलाला त्यांनी लहानपणापासून रेघा मारायला बसवलं, आणि तिच्या प्रत्येक रेघेत खोट काढली. लग्न झाल्यावर चारचौघांत सांगायचे, 'पोरीला शिकवलं, पण हातात काही उतरलं नाही.' आता नव्वदीला टेकले होते. त्यांनी एकदा, फक्त एकदा, 'तुझा हात चांगला आहे' म्हणावं, एवढंच श्यामलाबाईंना हवं होतं. दिनानाथ असेपर्यंत ते मागता येत नव्हतं. दिनानाथ माघात गेले.

उन्हाळ्यात बुकिंग सुरू व्हायच्या आधी पुष्कर म्हणाला, ''आई, बाबांवर काहीतरी लिही. पेजवर टाकू. लोकांना कळू दे कारखाना चालू आहे.''

श्यामलाबाईंनी लिहिलं. आठवडाभर लिहीत होत्या. लग्न, सासू, पहिला पूर, दिनानाथांचा स्वभाव, कारागिरांचे आभार, देवाची कृपा, सगळं आलं. आणि मध्येच कुठेतरी, दोन आभारांच्या मधे लपवून ठेवल्यासारखं, 'यांचा हात आजारी पडल्यावर आखणी मीच करत होते.'

पेज सांभाळायची सूनबाई, तनया. पोरगी हुशार. लग्नाआधी पुण्यात जाहिरातींच्या कंपनीत होती आणि कापाकापीत तिचा हात कुणी धरला नसता. तिने मजकूर फोनवर वर-खाली सरकवून पाहिला.

''आई, छान आहे. पण कॅप्शनची पहिली ओळ सोडली तर बाकीचं झाकलेलं असतं. 'आणखी' वर बोट लावून कोण वाचतंय? त्यापेक्षा हे रीलच्या चित्रावरच येऊ दे. चार ओळी. एका वेळी एकच दिसेल, वाचून होईपर्यंत राहील, मग पुढची.''

''चार ओळींत माझं एवढं सगळं बसणार?''

''सगळं नाही बसणार. दुखतं तेवढं बसेल.''

मग दोघी कारखान्यात पाटावर बसल्या. तनया एकेक वाक्य मोठ्याने वाचायची, त्यावर अंगठा ठेवायची आणि विचारायची, ''हे नसलं तर बाकीचं पडतं का?'' सासू गेली, पूर गेला. दिनानाथांचा प्रेमळ, हसतमुख, मनमिळाऊ स्वभाव गेला. ''विशेषणं आधी जातात, आई. ती कुणालाही लागतात.'' कारागिरांचे आभार काढताना श्यामलाबाई कळवळल्या, कारण रंग कालवणारी धोंडुबाई समोरच बसली होती. धोंडुबाई म्हणाली, ''काढा गो वहिनी, माझं नाव काय फोनात बसायला हाय?'' तेही गेलं.

शेवटी ते आभारांमधलं वाक्य उरलं. तनयाने त्यावर अंगठा ठेवला आणि उचलला नाही.

''हे काढलं तर काहीच उरत नाही,'' ती म्हणाली. ''आई, तुम्ही एवढं सगळं हे एक लपवायला लिहिलंत ना?''

श्यामलाबाईंना रडू फुटलं. इतक्या वर्षांत त्यांना असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. त्या पदराने तोंड झाकून रडल्या आणि त्यांना फार बरं वाटलं.

तनयाने शब्द त्यांचेच ठेवले, फक्त मधलं पाणी काढून टाकलं. चार ओळी झाल्या.

लोक म्हणतात, दिनानाथांचे डोळे.
ते गेले.
आखणारा हात माझा होता.
तो इथेच आहे.

''पहिल्या ओळीला बोट थांबतं. दुसरीला पोटात खड्डा पडतो. तिसरीला माणूस फोन जवळ घेतो,'' तनया म्हणाली. ती मनापासून बोलत होती, हे खरं आहे. तिने श्यामलाबाईंना मूर्तीपुढे बसवलं आणि बोटं, कुंचला आणि उघडत जाणारा डोळा एवढंच अगदी जवळून टिपलं. चेहरा घेतला नाही. ''चेहरा दिसला की लोक चेहराच बघतात. हात बोलू दे.'' ओळी तिने चित्राच्या वरच्या भागात बसवल्या, कारण खाली पेजचं नाव येतं आणि उजवीकडे लाइकचा बदाम. तिसरी ओळ बरोबर तेव्हा उमटायची जेव्हा बुबुळात पांढरा ठिपका पडायचा. श्यामलाबाईंनी ते रील पुन्हा पुन्हा पाहिलं. पुढच्या रविवारी रोह्याला जाऊन वडिलांना दाखवायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

संध्याकाळी पुष्करने पाहिलं.

''वेड लागलंय का? व्यापारी काय म्हणतील? इतकी वर्षं फसवलं म्हणतील.''

''फसवलंच की,'' तनया म्हणाली.

''तनू, बुकिंगच्या तोंडावर? बाबांच्या नावावर घर चालतं आपलं.''

तनया गप्प बसली. हुशार माणसं गप्प बसतात तेव्हा जपून राहावं. तिने रील पुन्हा उघडलं. गाणं तेच, चित्र तेच, ओळींच्या वेळा त्याच. तिला फक्त एक शब्द बदलावा लागला. 'माझा' खोडून 'त्यांचा'.

लोक म्हणतात, दिनानाथांचे डोळे.
ते गेले.
आखणारा हात त्यांचा होता.
तो इथेच आहे.

पुष्करचे डोळे भरून आले. ''बघ, भावना तीच राहिली,'' तो म्हणाला. खाली कॅप्शनमध्ये त्याने बुकिंगचा नंबर टाकला.

श्यामलाबाईंना कळलं ते दुसऱ्या दिवशी, धोंडुबाईच्या फोनवरून. ''वहिनी, ह्यो तर तुमचा हात! ह्यात दादांचा कशापायी लिवलाय?'' तोवर रील पेणच्या बाहेर, वडखळ ओलांडून कुठल्या कुठे गेलं होतं. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. 'असा कलाकार पुन्हा होणे नाही.' 'हा शेवटचा व्हिडिओ का?' त्याला पुष्करने 'हो' म्हणून उत्तर दिलं होतं.

श्यामलाबाई तनयाकडे गेल्या. ''असं का केलंस गो?''

''आई, गाभा शाबूत आहे. तीच हुरहूर, तोच हात. लोक रडतायत. तुम्ही मघाशी कमेंट वाचल्यात ना?'' तिने सासूचा हात हातात घेतला. ''आणि यंदाही आखणी तुम्हीच करणार आहात. कुठे काय बदललं?''

श्यामलाबाईंना राग आला, पण तो बाहेर काढायची सवय नव्हती. तनयाने त्यांच्या मनातलं नेमकं ओळखलं होतं आणि नेमकं तेच काढून घेतलं होतं. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

पुष्करने पोस्ट हटवायला साफ नकार दिला. बुकिंगचे फोन थांबत नव्हते.

रविवारी त्या रोह्याला गेल्या. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी वाक्य जुळवलं. नागोठणं गेलं तरी ते लांबच होत होतं. मग तनयाने शिकवल्याप्रमाणे एकेक शब्दावर अंगठा ठेवून पाहिला, आणि शेवटी एवढंच उरलं : बाबा, तो हात माझा आहे.

मोरोपंत पलंगावर बसून फोनमध्येच बघत होते. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर रील आलं होतं.

''ये, ये श्यामे. हे बघ.'' त्यांनी फोन तिच्यासमोर धरला. ''वरच्या पापणीची रेघ बघ. एका दमात. कुठे उचलला नाही हात. कुठे दाब कमी-जास्त नाही. अरे, याला म्हणतात हात! सत्तर वर्षांत असा हात पाहिला नाही मी.''

श्यामलाबाई पलंगाच्या काठावर बसल्या. हेच ऐकायला त्या जन्मभर थांबल्या होत्या.

''बाबा,'' त्या म्हणाल्या, ''तो हात माझा आहे.''

मोरोपंतांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. तिसरी ओळ येईपर्यंत थांबले आणि तिच्यावर बोट ठेवलं.

''लिहिलंय की इथं. त्यांचा होता म्हणून.''

''ते तनयाने बदललं. यांचा हात कापायचा हो बाबा. कित्येक वर्षं मीच...''

''श्यामे.'' मास्तरांचा आवाज एकदम शाळेतला झाला. ''नवरा जाऊन चार महिने झाले नाहीत. गेलेल्या माणसाचं असं घेऊ नये.''

कागद-पेन्सिल मागावी, आत्ता इथे डोळा काढून दाखवावा, असं श्यामलाबाईंच्या मनात आलंही. पण त्यांचे हात मांडीवर थरथरत होते. या हातांनी आता रेघ मारली तर काय दिसेल, ते त्यांना कळत होतं.

म्हातारा निवळला. लेकीच्या पाठीवरून त्याने हात फिरवला.

''दुःखात माणूस काहीही बोलतो. जाऊ दे. मी खाली लिहिलंय बघ काहीतरी, पण पाठवायचं कुठे दाबायचं ते सापडेना. वाच, फार लांब नाही ना झालं?''

श्यामलाबाईंनी वाचलं. 'जावईबापू, तुम्हाला ओळखायला उशीर झाला. जे मी माझ्या मुलीला शिकवू शकलो नाही, ते तुमच्या हातात होतं.'

''नाही,'' त्या म्हणाल्या, ''लांब नाही झालं.''

आणि त्यांनी बाण दाबून ते पाठवून दिलं.