हेमांगीने बदललेला परिच्छेद

अगं प्राची, तू आधी ऐक, मधे बोलू नकोस, चहा निवला तरी चालेल. हेमांगीचं काय झालं ते माहितीये तुला? नाही ना? मग ऐक.

हेमांगी म्हणजे आपली खाडीकाठची, दाजींची नात. टेंभी नाक्याजवळ एका पाहणी करणाऱ्या ऑफिसात लागलेली ना ती? तेच ऑफिस. खाडीच्या कडेने नवा रस्ता होणार, म्हणून तिथे कोण राहतं, कोण काय करतं, सगळं लिहून द्यायचं काम त्यांना मिळालेलं. आणि हिला पाठवलं कुठे? हिच्याच गावात! ही एकदम खूश. मार्चमध्ये वही घेऊन धक्क्यावर गेली, आजोबांसमोर बसली आणि म्हणाली, "दाजी, आज मी ऑफिसची माणूस. नीट बोला."

दाजी हसले. "मंग साहेबीण, चाय पिणार का नाय?"

तिथे बसूनच तिने एक परिच्छेद लिहिला. मला पाठ झालाय, इतक्या वेळा वाचून दाखवलाय तिने. ऐक: "सध्या या खाडीत अकरा होड्या मासेमारी करतात. दाजी कोळी रोज पहाटे जाळे घेऊन निघतात. आज त्यांना बोईट आणि कोलंबी मिळाली आहे. उद्या अमावास्या असल्याने उधाण येणार आहे, म्हणून ते आजच होडी वर ओढणार आहेत. होड्या लावायला या धक्क्याशिवाय दुसरी जागा नाही." खाली तारीख, दाजींची सही, हिची सही.

छान आहे की नाही? मलाही आवडलेला.

पण मुकुलसरांनी, म्हणजे तिच्या बॉसने, लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारली. "हेमांगी, अहवाल पाहणी झाल्यावर लिहितो आपण. सगळं भूतकाळात पाहिजे. प्राप्तीने मागच्या वेळी अर्धं बदललं नि अर्धं तसंच ठेवलं, एका वाक्यात 'होते', पुढच्यात 'आहे'. आख्खा अहवाल परत आला. तुझं एकही क्रियापद सुटता कामा नये. पाच वाजेपर्यंत दे."

आता हेमांगी कशी आहे तुला माहितीये. शाळेत बाईंनी काळ बदलायला दिला की हिचा हात पहिला वर. तिने पिवळ्या पेनाने सगळी क्रियापदं रंगवली, हिरव्याने वेळ सांगणारे शब्द. मग एकेक करून बदलत गेली. 'करतात'चं 'करत होत्या'. 'निघतात'चं 'निघत असत'. 'मिळाली आहे'चं 'मिळाली होती'. 'येणार आहे'चं 'येणार होते'. 'ओढणार आहेत'चं 'ओढणार होते'. 'नाही'चं 'नव्हती'. मग हिरवे शब्द. 'आज'चं 'त्या दिवशी', 'आजच'चं 'त्याच दिवशी', 'उद्या'चं 'दुसऱ्या दिवशी'. आणि 'सध्या'? शाळेत घोकलेलं तोंडात आलं आणि तिने लिहून टाकलं, 'त्या काळी'.

"त्या काळी या खाडीत अकरा होड्या मासेमारी करत होत्या. दाजी कोळी रोज पहाटे जाळे घेऊन निघत असत..."

सर म्हणाले, "एकदम चकाचक! प्राप्ती, शिक जरा हिच्याकडून." शेजारच्या टेबलावरच्या प्राप्तीने तोंड वाकडं केलं. पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडून नाशिकला निघून गेली. हे लक्षात ठेव हां, प्राप्ती नाशिकला.

हेमांगीने त्या संध्याकाळी घरी पेढे नेले. "दाजी, तुमचं नाव छापून येणार!"

आलं ना. छापून आलं. जूनमध्ये रस्त्याची सुनावणी झाली, दाजी धुतलेला सदरा घालून गेले. इंजिनिअरने नकाशा भिंतीवर लावला. धक्काच नाही त्यात! दाजी उठून म्हणाले, "साहेब, आमच्या होड्या लावायच्या कुठं?" त्याने अहवाल उघडला, शांतपणे वाचून दाखवलं. मग म्हणाला, "आजोबा, यात लिहिलंय ना, त्या काळी होड्या होत्या. दाजी कोळी निघत असत. आता कोण जातं?"

दाजी म्हणाले, "मी जातो. आज सकाळी गेलेलो. दाजी कोळी मीच!"

लोक हसले गं. म्हणजे वाईट हसले नाहीत, पण हसले.

इंजिनिअर म्हणाला, "मग लेखी हरकत द्या. शुक्रवारी पाचपर्यंत. पुराव्यासकट."

हेमांगी दुसऱ्या दिवशी धावत सरांकडे. "सर, चूक झाली. 'पाहणीच्या वेळी' लिहायला हवं होतं मी. मार्चमध्ये असं होतं, एवढंच कळलं असतं. 'त्या काळी'ने सगळं जुनंपुराणं झालं."

सरांनी कागद पाहिला. "चूक कुठेय? काळ बरोबर, क्रियापदं बरोबर."

"पण सर, होड्या आहेत अजून!"

"दुरुस्ती पाठवली तर आपले सगळे अहवाल परत तपासायला मागतील. आणि तुझा तो वहीतला मूळ कागद बाहेर गेला, तर उद्यापासून येऊ नकोस. समजलं?"

समजलं. तिला दुसरी नोकरी नाही, बाबांचा पाय अजून प्लास्टरमध्ये. आणि घरी कोणालाच माहीत नाही की तो परिच्छेद हिने बदललाय. त्यांना वाटतं हिने खरं लिहिलं आणि ऑफिसात कोणीतरी मोडतोड केली.

मग शुक्रवार. दुपारचे तीन. दाजी ओट्यावर बसलेत, आजूबाजूला होडीवाले उभे, आणि हरकत लिहायला कोण? घरात शिकलेली तीच!

"लिव गो हेमा," दाजी म्हणाले. "अकरा होड्या हायेत. मी रोज जातो. धक्का आमाला पायजे."

ती लिहीत गेली. करतात. निघतात. नाही. एकेक क्रियापद परत जागेवर. 'सध्या' लिहिताना तर पेन अडकलंच.

"आता लिव," दाजी म्हणाले, "ज्यानं हा अहवाल लिवला त्यानं आमची खाडी कधी बघितलीच नाय."

हेमांगी थांबली.

"लिव ना. घाबरतेस कोनाला?"

तिने लिहिलं. स्वतःबद्दल. स्वतःच्या अक्षरात.

गोविंदा, तो शेजारचा, म्हणाला, "पुरावा काय जोडायचा पण? आपलं तोंडी कोण ऐकतंय."

पुरावा तिच्या पर्समध्ये होता, प्राची. मार्चची तारीख, दाजींची सही, हिची सही. आणि त्याच कागदावर, ओळींच्या मधे, पिवळ्या-हिरव्या रंगावर, हिच्या अक्षरात 'करत होत्या', 'निघत असत', 'त्या काळी'. जोडला तर धक्का वाचतो. जोडला तर नोकरी जाते, आणि दाजींना कळतं की खाडी न बघितलेला तो माणूस कोण.

तेवढ्यात दाजींनी विचारलं, "तुझ्या हापिसात कोन होता गो तो? नाव तरी सांग."

अगदी जिभेवर आलेलं तिच्या, प्राप्ती. ती नाशिकला. तिला कोण विचारायला जातंय?

रिक्षा दारात उभी, गोविंदा पाकीट उघडून धरून उभा, घड्याळात साडेतीन. दाजी तिच्याकडे बघतायत. हिचा हात पर्सच्या चेनवर.

सांग ना, तू काय केलं असतंस?